मायवान भिंतींची बेडरूम आणि उजेडाचे तीन थर : एक प्रकरण

पार्श्वभूमी

पुण्याच्या पश्चिमेकडच्या एका नव्या टॉवरमधला दोन बेडरूमचा फ्लॅट. नवरा चाकणच्या कारखान्यात, पहिल्या पाळीला जाणारा. पहाटे पाचला उठायचं म्हणून दहाला आडवा होणारा माणूस. बायको महाविद्यालयात शिकवते. उत्तरपत्रिका, वाचन, उद्याच्या तासाची तयारी हे सगळं रात्री साडेदहानंतर, आणि तेही पलंगावर बसूनच, कारण दुसऱ्या खोलीत सासूबाई झोपतात. सहा वर्षांचा मुलगा मध्ये. एवढ्यावरूनच दिसतं की प्रश्न खोली सजवण्याचा नव्हता, एकाच पलंगावरच्या दोन वेळापत्रकांचा होता.

खोली साडेदहा फूट बाय साडेअकरा फूट, म्हणजे साधारण १२० चौरस फूट. छत ९ फूट २ इंचांवर. पलंगाचं डोकं साडेदहा फुटांच्या भिंतीला, समोरच्या भिंतीत बाथरूमचं दार, एका बाजूला खिडकी आणि एसी, दुसऱ्या बाजूला खोलीचं दार आणि त्याला लागून तीन दारांचं कपाट. कपाटावर छतापर्यंत लॉफ्ट. गाद्या आणि लग्नातली भांडी तिथेच जाणार होती, त्यामुळे लॉफ्टला हात लावायचा नाही हे, उजेडाची आखणी करायला मी गेलो त्या पहिल्याच भेटीत ठरलं.

बिल्डरने दिलेले पॉइंट असे : समोरच्या भिंतीवर बाथरूमच्या दारावर एक ट्यूबचा पॉइंट, पलंगाच्या डोक्यावर दुसरा (तिथे फिटिंगच नव्हतं, नुसती वायर टेप लावून गुंडाळलेली), मध्यभागी पंखा, समोरच्या भिंतीवर चार फुटांवर टीव्हीचा बोर्ड, पलंगाच्या दोन्ही बाजूंना एकेक प्लग, बाथरूमच्या दाराशी जमिनीलगत फूटलॅम्प, आणि कपाटामागे दडलेला एक ६ अँपिअरचा प्लग. समोरच्या ट्यूबला टू-वे होतं : एक बटण दाराशी, एक उशाशी.

अडचण

वापरात एकच दिवा होता, समोरचा २० वॅटचा एलईडी बॅटन, पांढराफटक ६५०० केल्व्हिनचा. पलंगावर पाठ टेकून बसलं की तो थेट डोळ्यांत. उजेड मोजणारा लक्स मीटर लावला तर गादीवर ९०च्या आसपास आकडा येत होता, म्हणजे बेडरूमच्या सर्वसाधारण उजेडाला पुरेसा. तरीही बाईंची तक्रार "वाचायला उजेड कमी पडतो" अशी होती. ती खोटी नव्हती. ६५०० केल्व्हिनचा उघडा दिवा नजरेसमोर असला की डोळा त्याच्याशी जुळवून घेतो आणि मांडीवरचं पान त्यामानाने काळवंडतं. शिवाय वाचायला पानावर ३०० लक्सच्या जवळपास उजेड लागतो, तो या दिव्याने येणंच शक्य नव्हतं. अशा वेळी लोक आणखी मोठा दिवा आणतात. पान थोडं उजळतं, पण डोळ्यांत जाणारा उजेडही तेवढाच वाढतो.

दुसरी अडचण कपाटाची. कपाटासमोर उभं राहिलं की उजेड तिरका मागून येई आणि आपलीच सावली आत पडे. गडद निळी आणि काळी पँट हमखास बदलून जायची. पहाटे तर नवरा मोबाइलचा टॉर्च तोंडात धरून कपडे काढायचा.

तिसरी रात्रीची. मुलाला बाथरूमला न्यायचं तर तोच बॅटन लागायचा आणि तिघंही पुरते जागे व्हायचे.

आणि या सगळ्यावर इमारतीची अट : टॉवर मायवानचा. अ‍ॅल्युमिनियमचे साचे लावून भिंती आणि स्लॅब एकत्र ओतलेले, त्यामुळे खोलीच्या चारही भिंती सळईच्या काँक्रीटच्या. विटांच्या भिंतीत वायरमन झिरी पाडून हवा तिथे पॉइंट नेतो. इथे ते करता येत नाही. भोक पाडून स्क्रू बसवता येतो, पण झिरी पाडायला गेलं की सळई उघडी पडते, आणि ती भिंत इमारतीचं वजन पेलणारी असते. बिल्डरने ताबा देताना तशी लेखी मनाईच दिली होती. म्हणजे जे पॉइंट आहेत त्यांच्यावरच सर्वसाधारण, कामाचा आणि उठावाचा असे उजेडाचे तिन्ही थर टांगायचे होते.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय त्यांच्याकडे आधीच आला होता. इंटिरियरच्या ठेकेदाराने फॉल्स सीलिंग सुचवलं होतं : चारही बाजूंनी दिवे लपवायची खाच म्हणजे कोव्ह, १२ वॅटचे आठ डाउनलाइट, ४८ हजार रुपये. मायवानमध्ये फॉल्स सीलिंगचा एक खरा फायदा आहे. वायर भिंतीऐवजी छताखालून हवी तिथे फिरवता येते. मी तो पर्याय लगेच उडवून लावला नाही. पण हिशेब मांडला. १२ वॅटचा एक डाउनलाइट साधारण हजार लुमेन देतो. आठ म्हणजे आठ हजार. वापरातला बॅटन दोन हजारांचा होता. चौपट उजेड, आणि तोही वरून खाली, म्हणजे आडवं पडल्यावर बरोबर डोळ्यांत. बेडरूममध्ये माणूस छताकडे बघत झोपतो ही साधी गोष्ट डाउनलाइटचे नकाशे काढताना विसरली जाते.

त्याहून मोठी अडचण पंख्याची. पाती स्लॅबपासून फूटभर खाली होती. सीलिंग सहा इंच उतरलं की दिवे पात्यांच्या जेमतेम सहा इंच वर येतात. त्यांचा तिरका उजेड फिरत्या पात्यांतून जातो आणि भिंतीवर, चादरीवर सावल्या लुकलुकत राहतात. पंखा आणखी खाली घ्यायचा तर पाती साडेसात फुटांवर, आणि त्याच पलंगावर उड्या मारणारा मुलगा. तिथे हा पर्याय संपला.

दुसरा पर्याय नवऱ्याचा : रंग बदलणारे स्मार्ट दिवे, मोबाइलवरून चालणारे. दिव्याचा रंग आणि तीव्रता बदलता आली तरी त्याची जागा बदलत नाही, आणि इथे दुखणं जागेचं होतं. शिवाय सासूबाई खोलीत आल्या की भिंतीवरचं बटण बंद करणार, मग मोबाइलवरून तो दिवा लागणारच नाही.

तिसरा पर्याय केसिंग-पट्टीचा. भिंतीवरून प्लास्टिकची पट्टी फिरवायची, आत वायर. स्वस्त, सुरक्षित, काम एका दिवसाचं. बाईंनी एका वाक्यात नाकारला : "नव्या घरात भिंतीवर पट्ट्या दिसायला नकोत." मला स्वतःला पट्टीचं एवढं वावडं नाही, छताच्या कोपऱ्यातून नेली आणि भिंतीच्या रंगात रंगवली तर ती फारशी दिसतही नाही. पण घर त्यांचं.

राहिला चौथा : आहे त्या प्रत्येक पॉइंटला एकच काम नेमून द्यायचं, आणि पॉइंटपासून दिव्यापर्यंतची वायर लाकडाच्या आतून न्यायची.

सर्वसाधारण उजेड : पेल्मेट आणि पंख्याचं गणित

पलंगाच्या डोक्यावरचा रिकामा पॉइंट इथे सोन्यासारखा होता. डोक्यामागच्या भिंतीवरचा दिवा झोपलेल्याला दिसत नाही. तिथे सहा फूट लांबीची प्लायची पेटी, म्हणजे वरून उघडं पेल्मेट, बसवायचं आणि आत एलईडी पट्टी छताकडे तोंड करून ठेवायची. उजेड पांढऱ्या छतावर आपटून खोलीभर पसरतो आणि दिवा कुणालाच दिसत नाही.

पट्टी २४ व्होल्टची, मीटरला सुमारे १४ वॅट, ३००० केल्व्हिनची, म्हणजे पिवळसर घेतली. सहा फुटांत सव्वीसेक वॅट होतात. तिला वीज पुरवणारा ड्रायव्हर ४० वॅटचा, कारण ड्रायव्हर पूर्ण क्षमतेवर चालवला की तापतो आणि लवकर मरतो. पट्टी अ‍ॅल्युमिनियमच्या प्रोफाइलमध्ये बसवली. त्यामुळे तिची उष्णता निघून जाते आणि धूळ पुसताना फडकं एलईडीला लागत नाही.

सुतार पेटी बनवायला घेणार त्याआधी आम्ही एक संध्याकाळ दोन घोड्यांवर फळी टाकून, तिच्यावर पट्टी ठेवून खोली पाहिली. उजेड छान पसरला. मग पंखा लावला आणि समोरच्या भिंतीच्या वरच्या भागात फडफड सुरू झाली. फॉल्स सीलिंग ज्या कारणाने नाकारलं तोच दोष इथे वेगळ्या वाटेने आला होता.

कारण मापांत दडलेलं आहे. फळी आठ फुटांवर, पंख्याची पाती आठ फूट दोन इंचांवर. पट्टीतून जवळजवळ आडवा निघणारा उजेड पात्यांतून पार होऊन समोर आदळत होता. पंख्याच्या मध्याचं अंतर भिंतीपासून ६९ इंच, आणि ४८ इंची पंख्याच्या पात्याचं टोक मध्यापासून २४ इंच, म्हणजे टोक भिंतीपासून ४५ इंचांवर येतं. पट्टीचा कुठलाही थेट किरण ४५ इंचांच्या आधी छताला भिडला पाहिजे, म्हणजे तो पात्यांपर्यंत पोचणार नाही.

उपाय पेटीच्या पुढच्या ओठाचा. पट्टी भिंतीच्या बाजूला आणि तिच्यापुढे चार इंचांवर दीड इंच उंच ओठ ठेवला, तर सगळ्यात खालचा किरण सुमारे २० अंशांनी वर जातो. छत पट्टीपासून १४ इंच वर, म्हणून तो ३७-३८ इंचांवर छताला लागतो. पात्यांच्या आधी. फळीच्या कडेला पुठ्ठ्याची पट्टी चिकटवून पाहिलं, फडफड गेली. ओठ याहून उंच करायचा मोह सुताराला झाला होता, पट्टी आणखी लपेल म्हणून. पण अडीच इंच केला असता तर उजेड भिंतीलगत दीड-दोन फुटांतच साचला असता, छतावर पांढरा पट्टा आणि बाकी खोली अंधारी. पेटी आणि छत यांच्यातलं अंतरही फूटभर तरी हवं ते याच कारणाने.

याच पेटीतून खालीही एक पट्टी सोडून डोक्यामागची भिंत उजळवावी अशी बाईंची कल्पना होती. भिंतीला घासून जाणारा उजेड फोटोत देखणा दिसतो. मी मोबाइलचा टॉर्च भिंतीला लावून तिरका धरला. पुट्टीच्या लाटा, साच्यांच्या सांध्यांच्या रेषा, सगळं उघडं पडलं. "बाई गं, हे असं दिसणार?" म्हणून त्यांनीच कल्पना मागे घेतली. ज्यांना अशी भिंत हवी असेल त्यांनी रंगकामाआधी हाच टॉर्च लावून पुट्टी घासून घ्यावी. नंतर काही करता येत नाही.

कामाचा उजेड : उशाशी आणि कपाटात

पलंगाच्या हेडबोर्डमागे दोन इंचांची पोकळी ठेवली. दोन्ही बाजूंच्या प्लगमधून वायर पाइपातून त्या पोकळीत आणि तिथून हेडबोर्डवरच्या वाचनाच्या दिव्यांना. भिंतीला एकही झिरी नाही. दिव्याची उंची माणसाला बसवूनच ठरवली : गादी जमिनीपासून २० इंच, पाठ टेकून बसल्यावर बाईंचे डोळे ४८ इंचांवर. दिवा ४८ ते ५० इंचांवर आणि खांद्याच्या थोडा बाहेर. यापेक्षा वर गेला की त्याचा प्रकाशबिंदू शेजारच्याला दिसतो, खाली गेला की स्वतःच्याच खांद्याची सावली पानावर पडते.

इथे एक गोष्ट कुणीच धरली नव्हती. जोडप्याने आधीच हौसेने दोन ३ वॅटचे दिवे आणून ठेवले होते, वळवता येणाऱ्या मानेचे, २४ अंशांच्या अरुंद झोताचे. तर्क बरोबर वाटतो : झोत जितका अरुंद तितका शेजाऱ्याला त्रास कमी. लावून पाहिले तर पानावर हजार लक्सच्या वर. बाई खूश, पण नवरा कुशीवरून कुशीवर. दिवा त्याला दिसत नव्हता. दिसत होतं ते पान. एवढ्या उजेडातला पांढरा कागद स्वतःच दिवा होतो आणि त्याचा उजेड छतावर, भिंतीवर, उशीवर पडतो.

मग त्याच दिव्यांत ६० अंशांची, दुधी काचेसारखी भिंग बसवली. उजेड पसरला, पानावर २८०च्या आसपास आला आणि शेजारच्या उशीवर ५ लक्सच्या आत राहिला. वाचणाऱ्याला तो पुरतो. पण उतारवयातल्या वाचकाला हा आकडा दुप्पट लागू शकतो, आणि मग शेजाऱ्याच्या झोपेचा हिशेब नव्याने मांडावा लागेल.

कपाटाची वायर कपाटामागच्या दडलेल्या प्लगवरून घेतली, मागच्या प्लायला चौकोन कापून. दिवे वर न लावता आतल्या दोन्ही उभ्या बाजूंना, दरवाज्याच्या कडेलगत, आतल्या बाजूला वळवलेल्या प्रोफाइलमध्ये बसवले. वरून उजेड आला तर तो पहिल्या कप्प्यावर अडतो. उभ्या पट्ट्या प्रत्येक कप्प्यात जातात आणि समोर उभ्या असलेल्या माणसाची सावली मधे येत नाही. दार उघडलं की लागतात, मिटलं की जातात.

रंगाचा प्रश्न इथे वेगळा ठेवला. बाकी खोली ३००० केल्व्हिनची, कपाट ४०००चं, आणि पट्टी ९० किंवा त्याहून जास्त सीआरआयची, म्हणजे रंग खरे दाखवणारी. पिवळसर उजेडात निळ्या-काळ्यातला फरक बुजतो. आणि साधा सीआरआय ८० असलेल्या एलईडीत लाल रंग मंद दिसतात, मरून आणि तपकिरी एक होतात. दुकानात पट्टी घेताना बाईंना मी एक साडी सोबत न्यायला सांगितलं होतं, हिरवी-लाल काठांची. दोन पट्ट्यांखाली तीच साडी दोन साड्या दिसल्यावर सीआरआय समजावण्याची गरज उरली नाही.

उठावाचा उजेड

या थरावर मी सगळ्यात कमी वेळ घालवला. बेडरूममध्ये टीव्ही नको असं दोघांनी ठरवलं होतं, म्हणून समोरचा टीव्हीचा बोर्ड रिकामा होता. त्याच्यावर त्यांचं वारली चित्र टांगलं आणि चित्राच्या माथ्यावर लहान दिवा बसवला. वायर फ्रेममागून थेट बोर्डात. चित्र आजूबाजूच्या भिंतीपेक्षा तिप्पट तरी उजळ असल्याशिवाय उठाव जाणवत नाही. पेल्मेट लागलेलं असताना तो जाणवत नाही, ते बंद केलं की जाणवतो. फ्रेमची काच काढली, नाहीतर दिव्याचं प्रतिबिंब पलंगावरून दिसत होतं.

बटणं

थर कितीही नेटके असले तरी बटण चुकीच्या जागी असेल तर माणूस जुनाच दिवा लावतो. टू-वे समोरच्या बॅटनवर होतं, आणि उशाशी हाताला येणारं तेच बटण. ते पेल्मेटला हवं होतं. वायरमन म्हणाला, "सर, त्याला नवीन वायर ओढावी लागेल." दाराजवळचा बोर्ड उघडून पाहिला तर दोन्ही दिव्यांच्या वायरी तिथेच येत होत्या. टू-वेच्या शेवटच्या टोकाला बॅटनऐवजी पेल्मेटची वायर जोडली आणि बॅटनला शेजारचं साधं बटण दिलं. अर्ध्या तासाचं काम. दोन्ही वायरी एकाच बोर्डात नसत्या तर मात्र हे जमलं नसतं.

बॅटन काढला नाही. झाडताना, गादी उलटताना, हरवलेली कानातली शोधताना तोच लागतो. फूटलॅम्पमध्ये अर्ध्या वॅटचा पिवळा दिवा घातला.

काय झालं

नुसतं पेल्मेट लावलं की गादीवर ६०च्या आसपास लक्स येतो. बॅटनपेक्षा कमी, तरी खोली जास्त उजळ वाटते अशी दोघांची प्रतिक्रिया, कारण छत आणि भिंती उजळलेल्या आहेत आणि डोळ्यांत काही जात नाही. नवरा दहाला झोपतो, बाई साडेअकरापर्यंत पेपर तपासतात. पहाटे खोलीतला दिवा लागतच नाही, कपाटाचा पुरतो. सगळा खर्च सुतारकामासह २६ हजारांच्या आत.

कुरबुरीही आहेत. कपाटाचं मधलं दार पुरतं लागलं नाही की फटीतून उजेडाची रेघ रात्रभर राहते, म्हणून तिथे नंतर चुंबकी कॅच लावावा लागला. आजूबाजूला बांधकामं चालू असल्याने पेल्मेटमध्ये धुळीचा थर साचतो आणि उजेड हळूहळू उतरतो. तो इतका हळू उतरतो की लक्षात येत नाही, पुसल्यावरच कळतं. चित्रावरचा दिवा पाहुणे आले की लागतो, एरवी क्वचित.

वेगळं काय करता आलं असतं

पेल्मेटला डिमर हवा होता. खर्च वाचवायला साधा ड्रायव्हर घेतला आणि आता मंद उजेड हवा असतो तेव्हा तो मिळत नाही. वायरमनने पंख्याचा जुना रेग्युलेटर लावून देण्याची तयारी दाखवली होती. ते करू नये : साध्या ड्रायव्हरवर उजेड लुकलुकतो आणि ड्रायव्हर जळतो. डिम होणारा ड्रायव्हर सुरुवातीलाच घेतला असता तर हजार-दीड हजार जास्त गेले असते. आता तो बदलायला पेटीचा तळ उघडावा लागेल, आणि सुताराने तो चिकटवून बंद केला आहे. पेटीचा तळ स्क्रूवर ठेवायला सांगायला हवं होतं.

मायवानमध्ये घर घेणाऱ्यांसाठी खरा निर्णयाचा क्षण मात्र याच्याही आधीचा असतो. भिंती ओतण्यापूर्वी साच्यात पाइप टाकले जातात, आणि त्या टप्प्यावर काही बिल्डर पैसे घेऊन जादा पॉइंट देतात. या जोडप्याने बुकिंग केलं तेव्हा त्यांचा मजला अजून ओतायचा होता. तेव्हा पलंग कुठे येणार एवढं जरी सांगितलं असतं, तरी उशाशी दोन दिव्यांचे पॉइंट आणि चित्राच्या भिंतीला दाराजवळच्या बोर्डातून एक बटण मिळालं असतं. आज ते बटण चित्राखाली आहे, पलंगावरून उठून बंद करावं लागतं, आणि तो दिवा क्वचित लागण्याचं कारण मला वाटतं तेच असावं.